मांडणी कोणती, हे नगांची संख्या ठरवते

फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात 1913 पर्यंत मोटारीचा सांगाडा एका जागी उभा असे आणि कामगार सुटे भाग घेऊन त्याच्याकडे येत. ही स्थिर-स्थान मांडणी अवजड जहाजाच्या बांधणीला आजही योग्य ठरते. एकाच मॉडेलची मागणी वाढल्यावर सांगाडा सरकता करून कामे क्रमाने लावली गेली, म्हणजेच उत्पादननिहाय मांडणी झाली, तेव्हा सुमारे साडेबारा तासांची जुळणी जवळपास दीड तासावर आली. मात्र अशा साखळीत एक टप्पा अडला की सारे काम थांबते. याउलट, नाना प्रकारचे थोडे थोडे नग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये लेथ एका विभागात आणि ड्रिलिंग यंत्रे दुसऱ्या विभागात ठेवणारी प्रक्रियानिहाय मांडणी सोयीची असते, जरी विभागांच्या मध्ये अर्धवट माल साचत असला तरी. म्हणून मांडणी निवडण्याच्या प्रश्नात प्रकार अनेक आणि नग थोडे दिसल्यास प्रक्रियानिहाय मांडणी हेच उत्तर होय.