एकाचा आवाज, दुसऱ्याचा डोळा

लिलावाच्या एका जाहिरातीचा मजकूर समजा असा आहे: ‘बोलीतून माघार घेणाऱ्यांनी भरलेली अनामत रक्कम परत मिळणार नाही. बोली अमान्य झालेल्यांनी भरलेली अनामत रक्कम तीस दिवसांत परत मिळेल.’ हा मजकूर कुणीतरी टाइप केला आणि छापून आलेल्या प्रुफात एवढंच उरलं: ‘बोलीतून माघार घेणाऱ्यांनी भरलेली अनामत रक्कम तीस दिवसांत परत मिळेल.’

नऊ शब्द गळाले आणि अर्थ बरोबर उलटा झाला. ज्याचे पैसे बुडायचे होते, त्याला ते परत मिळू लागले! आता प्रूफ पुन्हा वाचा. व्याकरण चोख आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. वाक्य सुरळीत सुरू होतं, सुरळीत संपतं. नुसतं प्रूफ वाचणाऱ्या कितीही हुशार माणसाला इथं काही खटकण्याचं कारणच नाही.

मग ही चूक पकडायची कशी? छापखान्यांनी यासाठी फार जुना आणि विलक्षण साधा उपाय शोधलेला आहे. दोन माणसं समोरासमोर बसतात. एकाच्या हातात मूळ प्रत असते, तो ती मोठ्यानं वाचतो. दुसऱ्याच्या पुढ्यात प्रूफ आणि हातात पेन असतं, तो ऐकत ऐकत प्रूफ पाहतो. पहिल्याला म्हणतात कॉपीहोल्डर. महाराष्ट्राच्या शासकीय मुद्रणालयांत या पदाचं नावच ‘मूळप्रतवाचक’ असं आहे. दुसरा मुद्रितशोधक. बस्स, एवढीच यंत्रणा!

पण थांबा. एकटा माणूसही मूळ प्रत डावीकडे आणि प्रूफ उजवीकडे ठेवून ताडून पाहू शकतोच की. एका कामाला दोन पगार कशासाठी?

याचं उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. आपल्याला वाटतं, वाचताना नजर ओळीवरून घसरत जाते. तसं होत नाही. ती बेडकासारख्या उड्या मारत जाते. एका जागी सुमारे पाव सेकंद टेकते, पुढं झेपावते, पुन्हा टेकते. फ्रान्समधले नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास ही गोष्ट ध्यानात आली. त्याहून गंमत म्हणजे उडी चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि तरीही ती पोकळी कधी जाणवत नाही! नजर टेकते तिथलीही जेमतेम काही अक्षरं लख्ख दिसतात. बाकीचं मेंदू अंदाजानं भरून काढतो. ‘आणि’, ‘तर’, ‘न’ असल्या छोट्या, ओळखीच्या शब्दांवर तर नजर पुष्कळदा टेकतही नाही.

एरवी ही सोय फार मोलाची. तिच्यामुळंच आपण कादंबऱ्या झपाझप वाचतो. ताडून पाहताना मात्र ती घात करते. एकटा तपासनीस काय करतो, पाहा. मूळ प्रतीतले पाच-सहा शब्द मनात धरतो, मान वळवून प्रुफात ते शोधतो, जुळले की पुन्हा मूळ प्रतीकडे वळतो. परत आल्यावर जागा कशी सापडते? शेवटी वाचलेल्या शब्दांवरून. ‘भरलेली अनामत रक्कम’ इथपर्यंत झालं होतं, हे त्याला आठवतं. नजर मूळ प्रतीवर जाते, तिला ‘भरलेली अनामत रक्कम’ दिसतं आणि तो पुढं निघतो.

पण ते शब्द मूळ प्रतीत दोनदा आले आहेत! टाइप करणाऱ्याची नजर याच कारणानं पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागी पडली होती. तपासणाऱ्याचीही तिथंच पडू शकते. चूक ज्या वाटेनं आत आली, त्याच वाटेनं तपासनीस तिच्याशेजारून निघून जातो. पोथ्या नकलून घेतल्या जात त्या काळापासून मजकूर गाळणारा हा सापळा जगभर माहीत आहे: जवळजवळ आलेले दोन सारखे शब्द किंवा सारख्या शेवटाच्या दोन ओळी.

आता दोन माणसं बसवा. मूळ प्रत वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून हलतच नाही, त्यामुळं त्याला जागा पुन्हा शोधायचा प्रसंग येत नाही. प्रूफ पाहणाऱ्याचंही तसंच. दोघांना जोडणारा असतो तो फक्त आवाज. आवाजाला ना मागं जाता येत, ना उडी मारता येत. तो एकामागून एक शब्द टाकत पुढं जातो. वाचक म्हणतो, ‘भरलेली अनामत रक्कम परत…’ आणि शोधकाच्या डोळ्यांपुढं आहे ‘तीस’. तो तिथल्या तिथं म्हणतो, ‘थांब.’ चूक शोधावी लागलीच नाही, ती स्वतःहून येऊन आदळली.

वेगाचीही यात मदत होते. मनात वाचताना आपण बोलण्यापेक्षा बरेच भरभर जातो. आवाज त्या धावत्या नजरेला आपल्या पावलानं चालायला लावतो. म्हणून कसलेला शोधक पेनाचं टोक ओळीखालून आवाजाबरोबर सरकवत नेतो, म्हणजे नजर प्रत्येक शब्दावर टेकते.

ही पद्धत किती जुनी आहे? जोसेफ मॉक्सन यांनी लंडनमध्ये १६८३-८४ साली छपाईच्या कलेवर सविस्तर पुस्तक लिहिलं, त्यात शोधकाला मूळ प्रत वाचून दाखवणारा माणूस आहेच. पुढं इंग्लंडच्या छापखान्यांत हे काम पोरं करत. अर्थ कळो न कळो, दिसेल ते अक्षर खणखणीत म्हणायचं.

अर्थ कळला नाही तरी चालतो, हेही किती नवल! उलट अर्थात रंगून जाणारा वाचक धोक्याचा. तो हावभाव करत वाचू लागला, की ऐकणाराही गोष्टीत शिरतो आणि अक्षरं पाहायची विसरतो. म्हणून मूळप्रतवाचक एका सुरात वाचतो, आणि जे एरवी कुणी उच्चारत नाही ते सगळं उच्चारतो. ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’, ‘अवतरण सुरू’, ‘अवतरण बंद’, ‘ठळक’, ‘कंस’. बाहेरच्या माणसाला हा मंत्रच वाटेल. जोडी जुनी झाली की यातले निम्मे शब्द आखूड होतात आणि विरामचिन्हांसाठी नुसता पेनाचा टकटकाट पुरतो.

मराठीत या कामाला आणखी एक पेच आहे. बोलताना आपण इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ हे फारसं ऐकू येईल असं म्हणत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. कानाला दोन्ही सारखेच! ‘कोश’ आणि ‘कोष’ यांतला श-षही बहुतेकांच्या तोंडी एकच झाला आहे. म्हणजे जे कानाला वेगळं वाटत नाही, ते या पद्धतीत निसटतं. म्हणून संशय येईल तिथं वाचक फोड करून सांगतो: ‘दीन, दुसरी वेलांटी’, ‘सुत, पहिला उकार’, ‘कोष, पोटफोड्या ष’. आडनावं आणि गावांची नावं तर अक्षर अक्षर सुटं करूनच. एवढं करूनही शोधकाला नंतर एकदा एकट्यानं, अर्थ लावत, प्रूफ वाचावं लागतं. ती तपासणी वेगळी. ऐकून केलेली तपासणी फक्त एवढंच सांगते, की नवी प्रत मुळाबरहुकूम आहे. मूळच चुकलेलं असेल तर ती चूकही निष्ठेनं उतरते.

आकड्यांचा मामला तर याहून चित्तवेधक. वाक्यात पुढं काय येणार याचा थोडाफार अंदाज असतो, आकड्यात तोही नसतो. ६३ च्या जागी ३६ पडले तर कुठलं व्याकरण ओरडणार? त्यात आपली मराठी संख्यानामं पाहा. लिहिताना आधी सहा, मग तीन. म्हणताना ‘त्रे’ आधी आणि ‘सष्ट’ नंतर. कान एका क्रमानं ऐकतो, डोळा उलट्या क्रमानं पाहतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची सुरुवात तर अगदी एकच. ऐकताना ‘साठ’ कानी पडतं आणि मनात ६० उमटतात, लिहिलेले असतात मात्र ५९. सदुसष्ट, सत्याहत्तर, सत्त्याऐंशी पाठोपाठ आले की कान गोंधळलाच म्हणून समजा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता! छापखान्यातला उपाय त्याहूनही रोखठोक आहे: संख्या म्हणायचीच नाही, अंक म्हणायचे. गट क्रमांक १६३/२ ब असेल तर ‘एक, सहा, तीन, तिरपी रेघ, दोन, ब’. ०.४८ हेक्टर असेल तर ‘शून्य, टिंब, चार, आठ’. तक्ता असेल तर एकदा आडवा वाचून झाल्यावर पुन्हा उभा, रकान्यारकान्यानं. दिशा बदलली की सरावलेली नजर पुन्हा ताजी होते.

मग या जोडीला हरवतं काय? मुख्यतः थकवा. तासभर एकसुरी आवाज ऐकला की शोधकाला प्रुफात जे आहे ते दिसायचं थांबतं आणि कानावर पडतं तेच दिसू लागतं. आवाज ‘नाही’ म्हणतो आणि कोऱ्या जागेत ‘नाही’ असल्याचा भास होतो! हे ओळखण्याची खूण सोपी आहे. दाट मजकुराची बरीच पानं गेली आणि एकदाही ‘थांब’ आलं नाही, तर प्रूफ निर्दोष असण्यापेक्षा शोधक पेंगुळला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. अशा वेळी उठून चार पावलं फिरावं, कामं अदलाबदल करावीत आणि शेवटचं पान पुन्हा घ्यावं.

दुसरा धोका बाजू उलटण्याचा. पुष्कळजण हौसेनं नवी प्रत मोठ्यानं वाचतात आणि मूळ प्रत दुसऱ्याकडे देतात. मोठ्यानं वाचणारा नकळत दुरुस्त करत वाचतो. नव्या प्रतीत ‘करवा’ पडलं असलं तरी तोंडातून ‘करावा’ येतं आणि मूळ पाहणारा समाधानानं मान हलवतो. मूळ प्रत वाचताना हीच खोड फारशी बाधत नाही, कारण तिथं बहुधा बरोबरच लिहिलेलं असतं. चुका जिथं असण्याचा संभव, तिथं गप्प आणि सावध डोळा हवा.

संगणकात दोन्ही प्रती असतील तर त्यांतला फरक यंत्र क्षणात दाखवतं, आणि तिथं ते माणसापेक्षा नक्कीच भरवशाचं आहे. पण मूळ प्रत हस्ताक्षरात असेल, जुन्या खरेदीखताची फिकट नक्कल असेल, मोडीवरून उतरवलेला कागद असेल, तर यंत्राला तुलना करायला दुसरी बाजूच नसते. तेव्हा घरातल्या दस्ताची नवी प्रत करून घ्याल, तर सही करण्याआधी कुणाला तरी समोर बसवा. मूळ कागद त्याच्या हाती द्या, नवा तुमच्या पुढ्यात ठेवा, आकडे सुटे म्हणायला सांगा आणि ‘थांब’ म्हणायला संकोचू नका.