यंदाची ईद आपांच्या घरी

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत ईदची दावत गेली बारा वर्षे होते. नमाजनंतर कुर्ला, मुंब्रा, अंधेरीहून पंचवीस-तीस माणसे येतात. पाच लिटर दूध आदल्या रात्रीच आटवायला ठेवते. यंदा मात्र पंधराव्या रोज्यालाच मी अंधेरीच्या थोरल्या नणंदेला फोन केला, ‘आपा, या वेळी माझ्याकडे नको.’

रमजानच्या तोंडावर मला टायफॉइड झाला. ताप उतरला, चौदा दिवसांचे औषधही संपले. रोजे मात्र सोडावे लागले. आजाऱ्याने सुटलेले रोजे पुढे इतर दिवशी ठेवावेत, अशी मुभा कुरआनच्या ‘सूरह बकरा’मध्येच आहे. त्यामुळे त्याचे ओझे वाटले नाही. दावतीला नाही म्हणणे त्याहून जड गेले.

आपा म्हणाल्या, ‘अगं, आता तू बरी आहेस ना? शीरखुर्मा तर उकळतो, त्यात कसले जंतू राहणार?’ त्यांचे म्हणणे खरे होते. पण दावत म्हणजे नुसता शीरखुर्मा नव्हे. कचुंबर चिरायचे, फळे कापायची, पाण्याचे ग्लास भरायचे. तिथे आच नसते, असतात ते फक्त हात. टायफॉइडचा माणूस बरा झाल्यावरही त्याच्या शौचातून जंतू काही आठवडे बाहेर पडू शकतात. थोड्या लोकांत ते वर्षानुवर्षे टिकतात आणि त्या माणसाला स्वतःला काहीच जाणवत नाही. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच होती. ती स्वतः ठणठणीत, पण तिने रांधलेल्या घरांतली माणसे आजारी पडत गेली.

मग कळायचे कसे? आपल्याकडे परिचित असलेली विडाल चाचणी इथे कामाची नाही. ती ताप गेल्यावरही बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांनी औषध संपल्यानंतर शौचाचे कल्चर करायला सांगितले, तेही एकदा नव्हे तर काही अंतराने तीन वेळा. माझे पहिले निगेटिव्ह आले आहे. उरलेले दोन ईदआधी हाती येतील, याचा भरवसा नाही. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि आपांची तीन वर्षांची नात यांच्यापुढे मला अंदाजाने ताट वाढायचे नव्हते.

हे सगळे ऐकून आपा क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ठीक आहे. दावत माझ्याकडे. तू फक्त ये, आणि पातेल्याला हात लावू नकोस.’

पंधरा दिवस हाती होते, म्हणून त्यांना सामान भरायला, पाहुण्यांना कळवायला वेळ मिळाला. चाँदरातीला सांगितले असते तर तो नकार नव्हे, अडचण ठरली असती.

समोरच्या काकूंनाही मी आधीच सांगून टाकले, कारण ईदच्या दुपारी त्या वाटीची वाट बघतात. त्या हसून म्हणाल्या, ‘यंदा वाटी आमच्याकडून. रव्याची खीर चालेल ना?’

चालेल म्हणजे काय! ती मी बसूनच खाणार आहे.