व्याजातून कापले जाणारे सव्वीस हजार

साताऱ्यातल्या ६८ वर्षांच्या एका आजींचा हिशेब मांडून पाहू. आजी काल्पनिक आहेत, पण आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या नियमांना धरून आहेत. यजमान सरकारी नोकरीत होते. त्यांच्या पश्चात आजींना महिन्याला ९,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे वर्षाचे १,०८,०००. यजमानांच्या निवृत्तीच्या पैशातले १५ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. ८.२ टक्क्यांनी त्यांचे वर्षाला १,२३,००० रुपये व्याज येते. उरलेले २० लाख बँकेत सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत आहेत आणि दर तिमाहीला व्याज खात्यावर जमा होते. ते वर्षाचे १,४०,०००.

आजी काहीच न करता बसल्या, तर पोस्ट आणि बँक दोघेही व्याजातून दहा टक्के कापून घेतात. पोस्टाचे १२,३०० आणि बँकेचे १४,००० मिळून २६,३०० रुपये. तिमाहीला साडेसहा हजारांहून अधिक रक्कम कमी हाती येते. ज्यांची औषधे आणि वाणसामान या व्याजावर चालते, त्यांना ती लगेच जाणवते.

आता आजींना मुळात कर किती लागतो ते पाहू. तिन्ही उत्पन्नांची बेरीज ३,७१,००० होते. नव्या करप्रणालीत कुटुंब निवृत्तिवेतनातून २५,००० रुपयांची वजावट मिळते, त्यामुळे करपात्र उत्पन्न ३,४६,००० उरते. या प्रणालीत पहिल्या चार लाखांवर करच नाही. म्हणजे देणे शून्य असताना सव्वीस हजार कापले गेले.

यात बँकेने काही चूक केलेली नसते. बँकेला फक्त आपण देत असलेले व्याज दिसते, माणसाचे एकूण उत्पन्न दिसत नाही. कायदा तिला सांगतो की, ज्येष्ठ नागरिकाचे मुदत ठेवींवरचे वर्षाचे व्याज एक लाखाच्या वर जाणार असेल तर कपात करा. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५०,००० वरून एक लाखावर आली. ती त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून मोजली जाते, म्हणून दोन शाखांत ठेवी वाटून उपयोग होत नाही. शिवाय मर्यादा ओलांडली की कपात फक्त वरच्या रकमेवर होत नाही, सगळ्या व्याजावर होते. व्याज १,०१,००० असेल तर १०,१०० रुपये जातात. बचत खात्यावरच्या व्याजातून मात्र ही कपात होत नाही.

एकूण उत्पन्नावर कर लागत नाही, हे बँकेला सांगण्याचे २०२५-२६ पर्यंतचे साधन म्हणजे फॉर्म १५एच. हे ठेवीदाराने स्वतःच्या सहीने दिलेले घोषणापत्र असते. त्या आर्थिक वर्षात ज्यांचे वय ६० पूर्ण होते, अशा भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला ते देता येते. परदेशी स्थायिक झालेल्या अनिवासी पालकांना हा मार्ग खुला नाही.

फॉर्म अवघड नाही, पण त्यातल्या तीन रकान्यांत हमखास गोंधळ होतो. पहिल्यात या बँकेकडून मिळणारे व्याज लिहायचे, दुसऱ्यात वर्षाचे एकूण अंदाजित उत्पन्न, आणि तिसऱ्यात याच वर्षी इतरत्र दिलेले १५एच किती व किती रकमेचे. आजींनी आधी पोस्टात फॉर्म दिला आणि मग बँकेत, असे धरू. बँकेच्या फॉर्मवर त्या पहिल्या जागी १,४०,०००, दुसऱ्या जागी ३,४६,००० आणि तिसऱ्या जागी एक फॉर्म, रक्कम १,२३,००० असे लिहितील. पुष्कळ जण दुसऱ्या रकान्यातही त्या एका बँकेचेच व्याज लिहून मोकळे होतात. ते चुकीचे आहे, कारण खाली सही करून आपण संपूर्ण उत्पन्नाबद्दल ग्वाही देत असतो. जाणूनबुजून खोटी घोषणा केल्यास तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते.

साठीच्या आतल्यांसाठी २०२५-२६ पर्यंत फॉर्म १५जी होता, आणि तो जास्त कडक होता. तिथे अंतिम कर शून्य असणे पुरेसे नाही; असे व्याज वगैरे मिळून येणारी रक्कमही करमुक्त मर्यादेच्या आत असावी लागते. ५८ वर्षांच्या गृहस्थांना साडेचार लाख व्याज मिळत असेल, तर करसवलतीमुळे त्यांचा कर शून्यावर येत असला तरी त्यांना १५जी देता येत नाही. त्याच उत्पन्नाच्या ६२ वर्षांच्या बहिणीला १५एच देता येतो, कारण सवलत धरून कर शून्य होत असेल तरी तो स्वीकारावा, असे २०१९ पासून स्पष्ट केलेले आहे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ही सवलत मिळत असल्याने, १५एच देऊ शकणाऱ्या ज्येष्ठांचे वर्तुळ बरेच मोठे झाले आहे. फक्त त्या वर्षी शेअर किंवा जमीन विकून नफा झाला असेल, तर त्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला ही सवलत लागू होत नाही. अशा वेळी सल्लागाराकडून हिशेब करून घेतल्याशिवाय सही करू नये.

खरी मेख आहे ती वेळेची. घोषणापत्र एकाच आर्थिक वर्षापुरते चालते. गेल्या वर्षी दिले होते म्हणून यंदा आपोआप लागू होत नाही. पहिले व्याज जमा होण्याआधी, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीलाच ते प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगवेगळे द्यावे. व्याज मुदतीअखेर एकदम घेणाऱ्यांनाही यातून सुटका नाही, कारण पैसे हाती आले नसले तरी वर्षाचे साचलेले व्याज हिशेबात धरून बँक कपात करते. वर्षाच्या मध्यात नवी ठेव ठेवली, तर जुना फॉर्म तिला लागू होतो का हे शाखेत विचारून घ्यावे. फॉर्म दिल्यावर पोचपावती घ्यायला विसरू नये. पुढे वाद झाला तर तोच पुरावा असतो.

पॅनशिवाय मात्र हा फॉर्म निरुपयोगी ठरतो. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल, तर दहाऐवजी वीस टक्के कापले जातात. आजींच्या बाबतीत ती रक्कम ५२,६०० झाली असती. ऐंशी ओलांडलेल्यांना आधार जोडणीतून सूट आहे.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असून कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे घरात जपून ठेवलेला जुना छापील फॉर्म भरण्याऐवजी सध्या चालणारा फॉर्म शाखेतूनच मागून घ्यावा.

एप्रिल हुकला तरी फॉर्म जरूर द्यावा, त्याने पुढच्या तिमाहीची कपात थांबते. सरकारकडे भरली गेलेली रक्कम मात्र बँक परत देऊ शकत नाही. तिच्यासाठी विवरणपत्र भरावे लागते, आणि पैसे येईपर्यंत थांबावे लागते. आजींचे उत्पन्न चार लाखांच्या आत असल्याने एरवी त्यांना विवरणपत्राची सक्ती नाही. परताव्यासाठी मात्र ते भरणे भाग आहे. याउलट, ज्यांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आहे आणि केवळ सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यांनी १५एच दिलेला असला तरी विवरणपत्र भरून त्यात हे सगळे व्याज दाखवावेच लागते. भरण्यापूर्वी आयकराच्या संकेतस्थळावर फॉर्म २६एएस उघडून कोणी, किती कापले ते पाहावे. फॉर्म देऊनही तिथे कपात दिसली, तर पोचपावती घेऊन आधी शाखेत जावे. रक्कम सरकारकडे गेलेली नसेल तर तिथेच दुरुस्ती होऊ शकते.