प्वासाँ प्रक्रिया : आगमनांची अंतरे व प्रवाहांचे विभाजन

प्वासाँ प्रक्रिया : यदृच्छ क्षणी, परस्परांवर अवलंबून न राहता व सरासरीने स्थिर दराने घडणाऱ्या घटनांच्या मालिकेचे गणितीय प्रतिरूप. सीमेआँ दनी प्वासाँ (१७८१–१८४०) या फ्रेंच गणितज्ञांच्या नावाने ही प्रक्रिया ओळखली जाते. दूरध्वनी केंद्राकडे येणाऱ्या मागण्यांना ती लागू पडते, असे डॅनिश गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखविले. रांगांच्या गणिती अभ्यासाचा आरंभ तेथून झाला.

पुण्यात औंध येथील नियंत्रण कक्षातून चालणारी ‘१०८’ रुग्णवाहिका सेवा हे या प्रक्रियेचे जवळचे उदाहरण होय. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ वाहने अत्यवस्थ रुग्णांसाठी अधिक साधनांनी सज्ज, म्हणजे प्रगत प्रकारची होती. उरलेली ७०४ मूलभूत प्रकारची. दूरध्वनी करणारी व्यक्ती आयुष्यात क्वचितच असा दूरध्वनी करते, परंतु अशा व्यक्ती लाखो असतात. अनेक विरळ व स्वतंत्र प्रवाह एकत्र आले की त्यांचे संमीलन प्वासाँ प्रक्रियेच्या अगदी जवळ जाते. हे प्रतिरूप येथे शोभते ते याच कारणाने.

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एका विभागातील शहरी भागातून तासाला ७ व ग्रामीण भागातून ५ मागण्या येतात, असे समजू. दोन्ही प्रवाह स्वतंत्र असल्यास एकत्रित प्रवाहही प्वासाँ प्रक्रियाच असतो व त्याचा दर तासाला १२ होतो. लागोपाठच्या दोन मागण्यांमधील सरासरी अंतर ५ मिनिटे येते. मात्र अंतरे ५ मिनिटांभोवती दाटलेली नसतात. त्यांचे वंटन घातीय असते, म्हणजे अंतर t मिनिटांहून अधिक असण्याची संभाव्यता e<sup>−t/5</sup> असते. दहा मिनिटे एकही मागणी न येण्याची संभाव्यता यावरून सुमारे १४ टक्के निघते. या वंटनाला भूतकाळाची स्मृती नसते. दहा मिनिटे शांततेत गेली, तरी पुढील मागणीसाठी सरासरी ५ मिनिटेच थांबावे लागते; ‘आता मागणी येण्याची वेळ झाली’ हा अनुभवी माणसालाही होणारा भास आहे.

आता यांपैकी एकचतुर्थांश मागण्यांना प्रगत वाहन लागते असे मानू. (वाहनांतील प्रगत वाहनांचा वाटाही जवळपास तेवढाच आहे, पण वाहनांचा वाटा व मागण्यांचा वाटा एकच असतो असे नाही.) प्रत्येक मागणी गंभीर आहे की नाही हे इतर मागण्यांवर अवलंबून नसेल, तर गंभीर मागण्यांचा वेगळा प्रवाहही प्वासाँ प्रक्रियाच असतो. त्याचा दर तासाला ३ व सरासरी अंतर २० मिनिटे. गेल्या तासात साध्या मागण्या वीस आल्या की दोन, यावरून गंभीर मागण्यांविषयी काहीच कळत नाही. एकाच प्रवाहातून फुटलेले हे दोन प्रवाह परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र असतात.

विभाजन कोणत्या नियमाने होते, यावर मात्र सर्व अवलंबून आहे. क्रमाने येणारी दर चौथी मागणी वेगळी काढली, तरी सरासरी अंतर २० मिनिटेच राहते. परंतु प्रत्येक अंतर चार लहान अंतरांची बेरीज असल्याने प्रवाह बराच नियमित होतो. एक गंभीर मागणी आल्यावर पाच मिनिटांच्या आत दुसरी येण्याची संभाव्यता यदृच्छ विभाजनात सुमारे २२ टक्के, तर दर चौथीच्या नियमात केवळ २ टक्के असते. आजार पाळीपाळीने येत नाहीत. म्हणून ‘वीस मिनिटांनी एक’ एवढ्या सरासरीवर वाहनांची संख्या ठरविणारा आराखडा फसतो. विभागात एकच प्रगत वाहन असून ते एका फेरीत ४० मिनिटे गुंतत असेल, तर तेवढ्या वेळात किमान आणखी एक गंभीर मागणी येण्याची संभाव्यता सुमारे ८६ टक्के आहे.

तिसऱ्या प्रकारचे विभाजन अधिक फसवे असते. प्रगत वाहन गुंतलेले असतानाच येणाऱ्या गंभीर मागण्या शेजारच्या विभागाकडे वळविल्या, तर त्या तेथे घोळक्याने पोहोचतात, कारण वाहन मोकळे असताना एकही वळत नाही. हा प्रवाह प्वासाँ प्रक्रिया नव्हे. त्याच्या सरासरी दरावरून शेजाऱ्याने केलेली तरतूद अपुरी पडते.

प्रतिरूप लागू आहे की नाही, हे नोंदींवरून पडताळता येते. दिवसाचा ठराविक तास घेऊन अनेक दिवसांच्या नोंदींवरून दर दहा मिनिटांतील मागण्या मोजल्या, तर त्या संख्यांचे माध्य व विचरण जवळजवळ समान यावयास हवे. वरील उदाहरणात दोन्ही २ असतील. विचरण ५ आले, तर मागण्या घोळक्याने येत आहेत किंवा दर बदलता आहे. घोळक्याचे नेहमीचे कारण म्हणजे एकाच अपघाताविषयी अनेकांनी केलेले दूरध्वनी. अशा वेळी दूरध्वनी न मोजता घटना मोजतात. दिवस व रात्र यांचे दर वेगळे असल्याने त्यांच्या नोंदीही एकत्र मिसळत नाहीत.