कुपीतल्या हवेवरून पुडीचा निकाल

औषधाची पूड कितीही कोरडी दिसली तरी ती तयार करताना वापरलेले द्रावक तिच्या स्फटिकांत थोडेफार अडकून राहते. टोल्युइनचेच घ्या. आयसीएचच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते 890 पीपीएमपर्यंत चालते, म्हणजे एका ग्रॅम पुडीत 890 मायक्रोग्रॅम.

ते मोजण्यासाठी पूड थेट यंत्रात सोडत नाहीत, कारण औषध उडून जात नाही, आतच जळून बसते. म्हणून पूड डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून काचेच्या कुपीत घालतात, रबरी झाकण घट्ट आवळतात आणि कुपी तापवतात. टोल्युइन द्रवातून वरच्या मोकळ्या जागेत येते. तिथली थोडी हवा गॅस क्रोमॅटोग्राफीच्या नळीत गेली की टोल्युइनचा वेगळा उंचवटा कागदावर उमटतो.

पण किती वेळ तापवायचे? एकाच नमुन्याच्या चार-पाच कुप्या भरून 10, 20, 30, 45 मिनिटांनी एकेक तपासावी. उंचवट्याचे क्षेत्रफळ आधी वाढते, मग थांबते. समजा 20 मिनिटांनंतर ते हलत नाही, तर 30 मिनिटे ठेवणे शहाणपणाचे. क्षेत्रफळ वाढतच राहिले, तर दोन शक्यता असतात: पूड पुरती विरघळलेली नाही, किंवा औषधच उष्णतेने फुटून तोच पदार्थ तयार होतो आहे. अशा वेळी तापमान उतरवून पुन्हा पाहावे. तापमान उगाच चढवण्यात फायदा नाही. कुपीतला दाब वाढतो आणि झाकणातून गळती सुरू होते.

खरी गोम मात्र तुलनेत आहे. समजा नुसत्या द्रावकात 500 मायक्रोग्रॅम टोल्युइन टाकले आणि क्षेत्रफळ 1000 आले. अर्धा ग्रॅम पूड घातलेल्या कुपीचे आले 800. सरळ त्रैराशिकाने 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे 800 पीपीएम, माल पास.

आता त्याच पुडीच्या दुसऱ्या कुपीत वरून 500 मायक्रोग्रॅम टोल्युइन घालू. द्रवाचे एकूण आकारमान मात्र तेवढेच राहू द्यायचे. क्षेत्रफळ 1800 व्हायला हवे होते, आले 1600. म्हणजे पूड विरघळलेल्या द्रवात टोल्युइन जास्त धरून ठेवले जाते आणि घातलेल्या 500 मायक्रोग्रॅमला इथे 800 च मिळतात. मग मूळचे 800 सुद्धा 500 मायक्रोग्रॅमचेच. निकाल 1000 पीपीएम, माल नापास.

नमुन्यातच ज्ञात भर घालून मोजायच्या या रीतीत प्रत्येक मालासाठी जादा कुप्या आणि वेळ लागतो. म्हणून प्रयोगशाळा पद्धत ठरवतानाच एकदा हा फरक तपासतात. तो नगण्य निघाला तर रोजच्या कामाला साधी तुलना पुरते. इथे मात्र घातलेल्यापैकी 80 टक्केच हाती लागले, त्यामुळे या पुडीला ती चालणार नाही.