बिल्डरला एकच नोटीस

इमारतीच्या बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर एकेका फ्लॅटधारकाच्या पत्राला बिल्डरचे उत्तर ठरलेले असते: तुम्ही आतून तोडफोड केली, दोष तुमचा. एकट्याला ते खोडणे अवघड जाते. पण एकावर एक असलेल्या चार मजल्यांवरील मालकांनी त्याच भिंतीची ओल एका नोटिशीत मजलावार, छायाचित्रांसह मांडली, की दोष बांधकामाचा असल्याचे दिसू लागते.

दुसरा फायदा तारखेचा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. सुट्या पत्रांनी प्रत्येकाचे ३० दिवस वेगळे सुरू होतात. एका नोटिशीने सर्वांची मुदत एकाच दिवशी संपते.

नोटिशीवर फ्लॅट क्रमांक, ताब्याची तारीख आणि करारनाम्यातील सर्व सहमालकांच्या सह्या हव्यात. ती करारातील पत्त्यावर पोचपावतीसह पाठवावी. ताब्याला झालेल्या उशिराचे व्याज मात्र प्रत्येकाच्या करारानुसार बदलते. तो हिशेब वेगळ्या परिशिष्टात द्यावा, नाहीतर एका चुकीच्या आकड्यावरच बिल्डरचा वकील वाद लांबवतो.