गीझरच्या खोक्यावरचे चार आकडे

पाणी साठवून तापवणाऱ्या विजेच्या गीझरच्या खोक्यावर आणि विक्रीच्या यादीत चार गोष्टी हमखास छापलेल्या असतात: क्षमता १५ लिटर, शक्ती २००० वॉट, दाब ८ बार आणि शेजारी ऊर्जाबचतीचे तारे. पाणी किती वेळात तापेल हेही बहुतेक ठिकाणी मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. पण कोणत्या तापमानापासून कोणत्या तापमानापर्यंत, हे सांगितलेले असेलच असे नाही. घरोघरी सर्वांत जास्त दिसणारा १५ लिटरचा गीझर घेतला, तर हे सगळे आकडे एकमेकांशी कसे बांधलेले आहेत ते नीट कळते.

१५ लिटर ही टाकीत मावणाऱ्या पाण्याची मोजणी झाली, अंघोळीच्या पाण्याची नव्हे. टाकीतले पाणी ६० अंशांवर नेले तर ते अंगावर घेता येत नाही, त्यात विसण घालावे लागते. थंडीत नळाचे पाणी २० अंशांचे असेल, तर ६० अंशांच्या १५ लिटर पाण्यात तेवढेच गार पाणी मिसळून ४० अंशांचे, म्हणजे अंघोळीजोगे, ३० लिटर पाणी होते. प्रत्यक्षात ते जरा कमीच भरते. नळ उघडला की वरच्या बाजूने गरम पाणी बाहेर पडते आणि त्याच वेळी खालून गार पाणी टाकीत शिरते. त्यामुळे शेवटचे काही लिटर कोमटच येतात. २० लिटरच्या बादलीच्या हिशेबाने एक बादली भरून थोडे पाणी उरते. बादलीने अंघोळ करणाऱ्या घरात हे एका माणसाला पुरून उरते. मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली मात्र हेच पाणी चार मिनिटांत संपते. म्हणून शॉवर वापरणाऱ्या घरासाठी २५ लिटरची टाकी घेणे शहाणपणाचे. बादलीवाल्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

तापायला लागणारा वेळ कागदावर काढता येतो. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० लिटर पाणी एका अंशाने तापवण्याइतकी उष्णता असते. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेणे म्हणजे १५ गुणिले ४०, अर्थात ६००. या ६०० ला ८६० ने भागले की ०.७ युनिट येते. २००० वॉटची कॉइल अर्ध्या तासात एक युनिट वीज खाते, म्हणजे ०.७ युनिटला २१ मिनिटे लागतात. टाकीचे अंग तापण्यात आणि थोडी उष्णता बाहेर जाण्यात आणखी एकदोन मिनिटे जातात. मग एखाद्या यादीत ‘१० मिनिटांत गरम पाणी’ असे लिहिले असेल, तर ते खोटे का? तसेही नाही. १० मिनिटांत हीच कॉइल तेच पाणी १९ अंशांनी तापवते, म्हणजे २० चे ३९ होते. ते थेट अंगावर घेता येईल, पण विसण घालायला वाव उरत नाही आणि मिळते ते १५ लिटरच. अशा दाव्यात तापमान किती अंशांनी वाढते हा आकडा शोधावा. तो नसेल तर वेळेच्या आकड्याला अर्थ नाही.

शक्तीचा आकडा २३० व्होल्टच्या आसपासचा दाब धरून दिलेला असतो. सकाळच्या गर्दीच्या वेळी व्होल्टेज २०० वर उतरले, तर २००० वॉटची कॉइल जेमतेम १५०० वॉट देते आणि २१ मिनिटांची २८ मिनिटे होतात. गीझर बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी व्होल्टेज पाहून घ्यावे. वॉट जास्त असले म्हणून बिल जास्त येते, हा समज मात्र चुकीचा. २००० असो वा ३०००, तेवढेच पाणी तेवढेच तापवायला ०.७ युनिटच लागते, फरक पडतो तो वेळात. बिल वाढते ते गीझर दिवसभर चालू ठेवल्याने. तापलेले पाणी टाकीच्या अंगातून हळूहळू निवत राहते आणि ते भरून काढायला कॉइल पुन्हा पुन्हा लागते. ताऱ्यांच्या पट्टीवर २४ तासांतली ही गळती युनिटमध्ये दिलेली असते. जास्त तारे याचा अर्थ टाकीभोवतीचे फोमचे आवरण चांगले, म्हणजे पाणी उशिरा निवणार. अंघोळीआधी अर्धा तास गीझर लावून नंतर बंद करणाऱ्या घरात ताऱ्यांचा फायदा थोडाच होतो.

८ बार हा आकडा टाकी किती दाब सोसेल ते सांगतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो. गच्चीवरच्या टाकीखाली दहा मजले असतील, तर तळमजल्याच्या नळाला तीन बारच्या आसपास दाब येतो. उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप बसवलेला असेल तिथे हा आकडा महत्त्वाचा.

सुरक्षेच्या बाबतीत यादीत बरीच नावे असतात, पण ती एकाच साखळीतल्या कड्या आहेत. पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचले की थर्मोस्टॅट वीज तोडतो. तोच अडकून बसला आणि पाणी तापतच राहिले, तर त्याहून वरच्या तापमानाला थर्मल कटआउट स्वतंत्रपणे वीज तोडतो. कटआउट वरचेवर पडत असेल, तर तो दाबून गीझर चालू करत राहू नये, थर्मोस्टॅट बदलून घ्यावा. दोन्ही निकामी झाले तर उरतो तो गार पाण्याच्या नळीवर बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह.

या व्हॉल्व्हबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की पाव लिटरच्या आसपास वाढते. हा व्हॉल्व्ह पाणी उलटे नळीत जाऊ देत नाही, त्यामुळे वाढलेले पाणी त्याच्या तोटीतून थेंबथेंब बाहेर येते. गीझर तापत असताना पडणारे हे थेंब म्हणजे व्हॉल्व्ह काम करतोय याची खूण. गीझर बंद असतानाही दिवसभर गळत असेल, तर मात्र नळीतला दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह झिजला आहे. गळती नको म्हणून तोटीला बूच ठोकणारे फिटिंगवाले भेटतात. त्या बुचामुळे वाढत्या दाबाला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

बोअरच्या जड पाण्यात कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. केटलीसारखा सूंसूं आवाज येऊ लागतो आणि पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. थराखाली कॉइल फाजील तापते आणि तिचे आवरण फुटले की वीज पाण्यात उतरते. अशा वेळी ती अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवी. २००० वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट आणि चालू अर्थिंग लागते. ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावू नये. वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर तेवढी वीज गळताच तो पुरवठा तोडतो. त्याच्यावरचे ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर तो खाली पडला पाहिजे. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर गीझर मुख्य स्विचपासून बंद करून वायरमनला बोलवावे आणि तोवर त्या नळाला हात लावू नये.